बारा वेळा ‘क्या है’: गालिबच्या एका गझलेचं विश्लेषण लिहिताना

प्रश्न असा होता: कोणत्याही एका उर्दू गझलेचं, शेरांचं स्वातंत्र्य, रदीफ आणि काफिया यांच्या आधारे सुमारे १५०० शब्दांत विश्लेषण करा. मी गालिबची ‘दिल-ए-नादाँ तुझे हुआ क्या है’ घेतली. पाचवा-सहावा शेर सोडला तर या गझलेसाठी शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही, त्यामुळे सगळं लक्ष बांधणीकडे देता येतं. शिवाय तिच्यात एक अडचण लपलेली आहे. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो हा नियम ती मधेच चार शेरांपुरता बाजूला ठेवते. विश्लेषणात काही सांगण्यासारखं निघायचं तर ते तिथूनच निघणार होतं.

सुरुवात संहितेपासून केली. ही गझल बहुतेकांना गाण्यातून माहीत असते, विशेषतः १९५४च्या ‘मिर्ज़ा ग़ालिब’ चित्रपटातल्या तलत महमूद आणि सुरैया यांच्या आवाजातून. गायनात कोणतीही गझल सहसा पूर्ण येत नाही. गायक आपल्याला हवे ते शेर उचलतो आणि त्यांचा क्रमही बदलतो. ऐकण्यापुरतं ते ठीक आहे, पण बांधणीबद्दल बोलायचं तर दीवानातलाच, म्हणजे गालिबच्या काव्यसंग्रहातलाच, पाठ हवा. तिथे या गझलेचे अकरा शेर आहेत. ते एकाखाली एक उतरवून घेतले, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि दोन शेरांमध्ये टिपणांसाठी भरपूर जागा सोडली. पुढचं सगळं काम या कागदावर झालं.

रदीफ, म्हणजे ओळीच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा भाग, शोधायची ती शेवटाकडून. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळी घ्यायच्या आणि मागून पुढे एकेक शब्द जुळवत जायचं.

दिल-ए-नादाँ तुझे हुआ क्या है
आख़िर इस दर्द की दवा क्या है

‘है’ जुळतं, ‘क्या’ जुळतं, त्याआधी ‘हुआ’ आणि ‘दवा’ वेगळे पडतात. म्हणजे रदीफ ‘क्या है’ एवढीच. मग वेगळ्या पडलेल्या शब्दांत समान काय राहतं ते पाहायचं, तोच काफिया, म्हणजे रदीफच्या आधीचं यमक. ‘हुआ’ आणि ‘दवा’ यांच्यात फक्त शेवटचा ‘आ’ समान आहे, त्याआधीचं व्यंजनही नाही आणि स्वरही नाही. मराठी गझलेच्या परिभाषेत हा स्वरकाफिया. मतल्याने एवढंच बंधन घातल्यामुळे पुढे ‘आ’ने संपणारा कुठलाही शब्द, वृत्तात बसत असेल तर, चालतो. याच मतल्यात ‘दवा’ आणि ‘हवा’ असते, तर ‘वा’ हा भाग कायम धरला गेला असता आणि मराठीतल्या शिस्तीप्रमाणे पुढे ‘ख़ुदा’ किंवा ‘बुरा’ आणता आलं नसतं. काफिया मतला ठरवतो, हे विधान असं उलटं करून दाखवलं की पटतं. व्याख्या लिहून ते साधत नाही.

नंतर सगळे काफिये समासात एकाखाली एक लिहिले: हुआ, दवा, माजरा, मुद्दआ, ख़ुदा, अदा, सुरमा-सा, हवा, वफ़ा, सदा, दुआ, बुरा. मतल्यात दोन आणि उरलेल्या दहा शेरांत एकेक, असे बारा. ही यादी समोर आली की हात शिवशिवतात. ख़ुदा, अदा, सदा यांत ‘दा’ आहे, माजरा आणि बुरा यांत ‘रा’ आहे, तेव्हा काहीतरी योजना असणार असं वाटू लागतं. तसं काही नाही. बारा शब्द ‘आ’वर संपत असतील तर दोन-तीन व्यंजनं आपोआपच परत येणार. हे जुळणं मतल्याने मागितलेलं नाही, म्हणून ते नियम म्हणून नोंदवायचं नाही. यादीतून खरोखर हाती लागली ती दुसरीच गोष्ट. पहिला काफिया ‘हुआ’ आणि शेवटचा ‘बुरा’ हे दोनच शब्द घरगुती बोलीतले आहेत, मधले दहाही फारसी-अरबी वळणाचे. गझल साध्या बोलण्यात उघडते, मधे दरबारी शब्दकळेत शिरते आणि मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, पुन्हा बोलण्यावर येते. सहाव्या शेरात तर ‘शिकन-ए-ज़ुल्फ़-ए-अंबरीं’सारखी, शब्दांना ‘ए’ने जोडणाऱ्या इजाफतींची साखळीच आहे. गालिबने हे मुद्दाम केलं असं म्हणायला पुरावा नाही, तेव्हा उत्तरात ‘असं दिसतं’ एवढंच लिहिलं.

यमकाचा आराखडा अअ, बअ, कअ, डअ असा मांडतात, तसा मीही मांडला. पण यातल्या ब, क, ड या ओळी कशाशीच जुळत नाहीत, ही गोष्ट वेगळी सांगावी लागते. नवव्या शेराची पहिली ओळ ‘हाँ भला कर तिरा भला होगा’ अशी ‘आ’वर संपते म्हणून तिला यमकात ओढायचं नाही, तिच्या शेवटी रदीफ नाही, तेव्हा तो काफिया नव्हे. याच्या उलट बाजूची, जास्त नाजूक जागा सहाव्या शेरात आहे.

शिकन-ए-ज़ुल्फ़-ए-अंबरीं क्यूँ है
निगह-ए-चश्म-ए-सुरमा-सा क्या है

मतला नसलेल्या शेरात पहिल्या ओळीच्या शेवटी रदीफचा अखेरचा तुकडा यावा याला अरूझमध्ये, म्हणजे उर्दू छंदशास्त्रात, तकाबुल-ए-रदीफ म्हणतात आणि काटेकोर लोक तो दोष मानतात. इथे पहिली ओळही ‘है’वर संपते, म्हणजे नियमाने पाहिलं तर दोष आहेच. मला तो खटकत नाही. या जागी प्रश्नांची सरबत्ती चालू आहे. ‘क्यूँ है’ आणि ‘क्या है’ एकापाठोपाठ एक आदळतात आणि त्यामुळे तो शेर मतल्यासारखा कानाला लागतो. विश्लेषणात दोषाचं नाव आणि त्याचा परिणाम दोन्ही लिहिले.

वृत्त प्रश्नात विचारलेलं नव्हतं, तरी लगक्रम, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम, काढून पाहिला, कारण त्याशिवाय ओळ नीट वाचता येत नाही. ही बहर, म्हणजे हे वृत्त, खफीफ आहे: गालगागा लगालगा गागा. पहिल्या गणाच्या जागी ललगागा चालतो आणि या गझलेत तीन ओळी तशा आहेत: मतल्याची पहिली आणि सहाव्या शेराच्या दोन्ही. मराठी वाचक ‘दिले’ म्हणताना ‘ले’ लांबवतो. इथे तो ऱ्हस्व आहे, दि-ले-ना-दाँ म्हणजे ललगागा. ‘ले’ गुरू धरला तर पहिल्याच ओळीला अडखळायला होतं आणि मग वृत्त चुकलंय असं वाटत राहतं. तसंच ‘बेज़ार’, ‘मौजूद’, ‘उम्मीद’ या शब्दांनी संपणाऱ्या ओळींच्या शेवटी एक लघू जास्तीचा आहे. उर्दूत तो चालतो, मोजायचा नसतो.

लगक्रम मांडल्यावर एक उपयोगी गोष्ट दिसली. शेवटचा ‘गागा’ हा गण बाराही वेळा ‘क्या है’ने अचूक भरलेला आहे आणि त्याआधीच्या ‘लगालगा’चा शेवटचा गुरू बाराही वेळा काफियाचा ‘आ’ आहे. म्हणजे काफिया गण संपवतो आणि रदीफ स्वतःचा एक अख्खा गण घेते. प्रत्येक काफिया ‘लगा’ या उतारावर संपतो, मग तो शब्द ‘दुआ’ एवढा छोटा असो की ‘माजरा’ एवढा. ही गझल ऐकताना ‘क्या है’च्या आधी नेहमी एक बारीकसा थांबा जाणवतो, तो यामुळे. रदीफबद्दल ‘नाद निर्माण होतो’ असं मोघम लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त सांगून जातं.

आता स्वातंत्र्याकडे. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’पासून आपल्याकडे प्रत्येक शेर ही एक स्वतंत्र कविता हे इतकं पक्कं झालंय की ते तपासायचं कुणी मनात आणत नाही. मी अकरा शेर अकरा चिठ्ठ्यांवर लिहिले आणि दोन चाचण्या लावल्या. पहिली: चिठ्ठी एकटी वाचली तर अर्थ पूर्ण होतो का, की एखादा ‘तो’, ‘मग’, ‘हे’ लोंबकळत राहतो? दुसरी: तिची जागा बदलली तर काय बिघडतं?

पहिल्या चाचणीत एक भान ठेवावं लागतं. दुसरा शेर घ्या:

हम हैं मुश्ताक़ और वो बेज़ार
या इलाही ये माजरा क्या है

यातला ‘वो’ कोण हे आधी कुठेच सांगितलेलं नाही. तरीही शेर अपुरा नाही, कारण गझलेच्या परंपरेत असा ‘वो’ म्हणजे प्रेमपात्र हे वाचकाला ठाऊकच असतं. सर्वनामाचा संदर्भ परंपरेतून मिळतो की आधीच्या शेरातून, हे ठरवणं म्हणजेच ही चाचणी. परंपरेतून मिळत असेल तर शेर स्वतंत्र.

अशा रीतीने पहिला, दुसरा, तिसरा आणि आठपासून अकरापर्यंतचे शेर निवांत उभे राहिले. दहावा आठव्याच्या आधी ठेवला तरी काही हरवत नाही. मतला आणि मक्ता तेवढे आपापल्या जागी हवेत, तेही अर्थासाठी नव्हे; एक रदीफ-काफियाची जमीन ठरवतो आणि दुसऱ्यात तखल्लुस, म्हणजे कवीचं टोपणनाव, असतं म्हणून. मग चौथ्यापाशी गाडी अडली.

जब कि तुझ बिन नहीं कोई मौजूद
फिर ये हंगामा ऐ ख़ुदा क्या है

तुझ्यावाचून दुसरं काही अस्तित्वातच नाही, तर मग देवा, हा सगळा गलबला काय आहे? एकटा वाचला तर हा शेर उभा राहतो. पण पुढचे तीन पाहा. पाचव्यात परीसारख्या चेहऱ्याचे लोक, त्यांचे नखरे आणि अदा, सहाव्यात सुगंधी केसांचं वळण आणि सुरमा घातलेल्या डोळ्यांची नजर, सातव्यात:

सब्ज़ा ओ गुल कहाँ से आए हैं
अब्र क्या चीज़ है हवा क्या है

सातवी चिठ्ठी एकटी वाचली तर व्याकरण पूर्ण आहे, अर्थही लागतो: हिरवळ आणि फुलं कुठून आली, ढग म्हणजे काय, वारा म्हणजे काय. पण हा अर्थ लहान मुलाच्या कुतूहलाएवढाच राहतो. चौथ्याच्या मागे ठेवून वाचला की तोच प्रश्न तत्त्वज्ञानाचा होतो. जर फक्त तूच आहेस, तर हे ढग, हा वारा, ही सुंदर माणसं दिसतात ती कुठून? ‘हंगामा’ या शब्दात जे गुंडाळून ठेवलं होतं ते पुढचे तीन शेर उलगडून मांडतात. सातवी चिठ्ठी चौथीच्या आधी ठेवली तर यादी आधी येते आणि ती कशाची हे कळत नाही. दुसरी चाचणी इथे साफ नापास होते.

असा एकमेकांना बांधलेला शेरांचा गट म्हणजे किता. दीवानांच्या छापील आवृत्त्यांत अशा गटाच्या सुरुवातीला ‘काफ’ हे अक्षर खुणेसाठी देतात. देवनागरी संग्रहांत ती खूण बहुधा गळून पडते आणि मग वाचकाला अकराही शेर एकाच जातीचे वाटतात. याच ठिकाणी विश्लेषणं घसरताना दिसतात, आणि तीही दोन विरुद्ध दिशांनी. काही जण सातव्या शेराला निसर्गवर्णन म्हणून मोकळे होतात. काहींना किता सापडतो आणि त्या आनंदात ते अख्ख्या गझलेची कथा रचतात: आधी मनाला दुखणं लागलं, मग प्रिया कंटाळली, मग देवाकडे तक्रार, शेवटी शरणागती. दुसरी चूक जास्त मोहाची आहे. सगळे शेर एकाच विषयाला धरून क्रमाने चालतात त्या गझलेला मुसलसल म्हणतात आणि ही तशी नाही. चौथा ते सातवा हे चार बांधलेले, बाकीचे सात सुटे, असंच नेमकं लिहायला हवं. पाचव्या आणि सहाव्याचा आपसातला क्रम बदलला तरी फारसं बिघडत नाही, हेही नमूद केलं. चौथा मात्र पुढेच हवा.

सात सुटे आणि चार बांधलेले शेर एकत्र कशामुळे राहतात, याचं उत्तर रदीफ देते. पण ती सगळीकडे एकच काम करत नाही. हा मुद्दा मी सर्वांत जास्त जागा देऊन लिहिला. पद्धत सोपी आहे: प्रत्येक ‘क्या है’समोर, हा प्रश्न कोण कोणाला विचारतंय आणि त्याला उत्तर अपेक्षित आहे का, एवढंच लिहायचं.

मतल्यात प्रश्न स्वतःच्या मनाला आहे आणि तो खरा आहे. दुसऱ्यात देवाला, पण स्वर उद्गाराचा. तिसऱ्यात गंमत आहे: ‘काश पूछो कि मुद्दआ क्या है’. इथे बोलणारा प्रश्न विचारतच नाही, समोरच्याने तो विचारावा अशी इच्छा करतो. ‘क्या है’ हे प्रियेच्या तोंडी घातलेलं, अजून न उच्चारलेलं वाक्य आहे. किता येतो तेव्हा प्रश्न पुन्हा खरे होतात आणि एकामागून एक पडतात. सातव्याच्या दुसऱ्या ओळीत तर रदीफच्या आधीच आणखी एक ‘क्या’ येऊन जातो. मग आठवा शेर.

हम को उन से वफ़ा की है उम्मीद
जो नहीं जानते वफ़ा क्या है

इथे प्रश्नचिन्ह देता येत नाही. वाक्य विधानाचं आहे, ‘क्या है’ त्याच्या पोटात गेलं आहे. काफियाचा शब्द ‘वफ़ा’ पहिल्या ओळीत आधीच येऊन गेलाय, म्हणजे यमक ऐकणाऱ्याला शब्द नवा मिळत नाही, फक्त त्याची बाजू उलटते. पहिल्या ओळीत ती अपेक्षा होती, दुसऱ्या ओळीत समोरच्याचं अज्ञान. दहाव्यातही हाच साचा आहे, ‘मैं नहीं जानता दुआ क्या है’, पण न जाणणारा आता बोलणारा स्वतः आहे. त्यांना निष्ठा कळत नाही, मला प्रार्थना कळत नाही, मी थेट जीव ओवाळून टाकतो. हे दोन शेर स्वतंत्रच आहेत. त्यांना एक वाक्यरचना जोडते, कथा नव्हे. स्वातंत्र्य म्हणजे असंबद्धता नव्हे, हे दाखवायला मला ही जोडी पुरेशी वाटली.

त्यांच्या मधला नववा शेर नेहमी चुकीचा वाचला जातो.

हाँ भला कर तिरा भला होगा
और दरवेश की सदा क्या है

पहिल्या ओळीला कवीचा उपदेश समजून ‘गालिब इथे सत्कर्माचा संदेश देतो’ असं लिहिलेलं सापडतं. ती ओळ दारावर आलेल्या फकिराची हाक आहे, अवतरणात असल्यासारखी. दुसरी ओळ सांगते, दरवेशाची हाक याहून वेगळी ती काय असणार! इथल्या ‘क्या है’चा अर्थ ‘काही नाही’ असा होतो. प्रश्नाचा नुसता आकार उरलाय. गझलेच्या रीतीने पाहिलं तर हा फकीर प्रेमपात्राच्या दाराशी उभा आहे आणि मग आशीर्वादाच्या आडून मागणं ऐकू येतं. दुसऱ्या ओळीनंतर पहिलीकडे परत जावं लागतं, अशी शेराच्या दोन ओळींची बांधणी दाखवायला याहून सोयीचं उदाहरण या गझलेत नाही.

उरला मक्ता: ‘मैं ने माना कि कुछ नहीं ‘ग़ालिब’ / मुफ़्त हाथ आए तो बुरा क्या है’. इथे चरित्र घुसवण्याचा मोह होतो. गालिबची कर्जं, पेन्शनचा खटला, सगळं आठवतं. वाक्यात तसं काहीच नाही. ‘मैं’ आणि ‘ग़ालिब’ इथे दोन वेगळ्या जागी आहेत. ‘मैं’ बोलणारा आहे आणि ‘ग़ालिब’ ही बाजारात मांडलेली वस्तू. माल काही खास नाही, मान्य, पण फुकट मिळत असेल तर घ्यायला काय हरकत आहे, असं कुणीतरी गिऱ्हाईकाला पटवतंय. पटवणारा गालिब स्वतः की मध्यस्थ, हे शेर सांगत नाही, आणि मीही एक पर्याय निवडला नाही. ‘क्या है’चं हे शेवटचं रूप घासाघिशीतलं आहे, मतल्यातल्या कळवळ्यापासून ते बरंच दूर आलेलं आहे.

लिहायला बसताना १५०० शब्दांची वाटणी अशी केली: संहिता, रदीफ, काफिया आणि वृत्तातली त्यांची जागा यांना मिळून ४००, कित्याला ४००, रदीफच्या बदलत्या कामाला ५५० आणि मक्त्याला उरलेले १५०. एक ते अकरा अशा क्रमाने भावार्थ दिला असता तर निम्मे शब्द त्यातच गेले असते, म्हणून तो दिलाच नाही. शेर गरजेपुरते, मुद्दा येईल त्या क्रमाने घेतले आणि प्रत्येक उद्धृताजवळ दीवानातल्या पाठाप्रमाणे शेरक्रमांक दिला. त्यात एक पथ्य पाळलं. चौथ्या ते सातव्यातला कुठलाही शेर एकटा उद्धृत केला, तर तो कित्याचा भाग आहे हे त्याच वाक्यात लिहिलं, कारण परीक्षकाच्या हातातल्या प्रतीत ‘काफ’ची खूण असेलच असं नाही.